वरून खाली मांडलेली चार पानं

माझ्याकडे पानं बघायला येणाऱ्या बायका आधी नोकरीचं विचारतात, मग आईच्या गुडघ्याचं विचारतात, आणि मग मागं वळून पडदा नीट लागलाय का ते बघून हळूच म्हणतात, तो परत येईल का? बहुतेकींचं खरं विचारायचं तेवढंच असतं. मला ऐकून ऐकून वीट आलाय. या इकडे झुरून अर्ध्या झाल्यात, आणि तिकडे तो गडी कुठल्या तरी टपरीवर भजी हाणत बसला असेल. पण तोंडावर असं बोलता येत नाही, धंदा आहे.

बीडमध्ये एका ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत मी बसते. पडद्याच्या पलीकडे भुवया कोरायचं चालू असतं, अलीकडे माझी टॅरोची पानं. सकाळी आमच्या पाली गावाहून ॲपे रिक्षात कोंबून जायचं आणि संध्याकाळी तसंच कोंबून परत यायचं. टॅरो मी मोबाइलवर बघून शिकले, मग संभाजीनगरच्या एका बाईंकडे रीतसर शिकले. गावात काहीजण मला पत्तेवाली म्हणतात. म्हणोत बापडे.

परतीच्या प्रश्नाला मी दहा पानांची मांडणी करते. तिला सेल्टिक क्रॉस म्हणतात. पहिलं पान मधोमध, म्हणजे ती बाई आणि तिची आजची गत. दुसरं त्याच्यावर आडवं, म्हणजे वाटेत आडवं आलेलं काय ते. मग त्या दोघांभोवती चार पानं प्रदक्षिणेसारखी: खाली मूळ, डावीकडे होऊन गेलेलं, वर मनात धरून तोंडाने मागितलेलं आणि उजवीकडे लवकरच येणारं. कोणी यांचा क्रम वेगळा धरतं, त्याला हरकत नाही, आपला एक ठरवून घ्यायचा आणि मोडायचा नाही. या सगळ्याच्या उजव्या अंगाला चार पानांची उभी रांग लावतात, खालून वर. सगळ्यात खाली सातवं, ती बाई स्वतःला कुठे उभी बघते ते. त्याच्यावर आठवं, तिच्या भोवतीचे लोक आणि घरदार. त्याच्यावर नववं, तिची आशा आणि तिची भीती. आणि सगळ्यात वर दहावं, हे असंच चालत राहिलं तर कुठे जाऊन थांबेल ते.

सगळा घोळ नवव्याला होतो. एका जागेत आशाही आणि भीतीही, हे लोकांना पटतच नाही. मागे एक कॉलेजातली पोरगी आली होती. तिच्या नवव्या जागेवर सहा पेल्यांचं पान पडलं. त्यात वाड्यापुढच्या अंगणात एक पोरगा एका लहान पोरीला फुलं भरलेला पेला देतोय. जुनी माया, जुनी माणसं, गेलेलं परत दारात, असं ते पान. मोबाइलवर बघून आलेल्या पोरींना एवढं पाठ असतं. ती उडालीच, म्हणे येणार, तो येणार! मी म्हटलं, बाई, खाली बस. नवव्या जागेवरचं पान बातमी देत नसतं. तो येणार हे तिथे लिहिलेलं नाही, तो यावा असं तुझ्या पोटात आहे तेवढं लिहिलेलं आहे. आणि त्याच पोटात हेही आहे की तो आला आणि पुन्हा तसाच वागला तर? दोन्ही एकाच पानात बघायचं, आणि मग ते पान वरच्या पाचव्याशेजारी धरायचं, म्हणजे तोंडाने मागतेय काय आणि आतून हवंय काय हे कळतं. ती रुसून गेली. पुन्हा काही आली नाही.

इतकं शहाणपण दुसऱ्याला शिकवत होते आणि माझ्याच दारात तो यायला निघाला.

माझं लग्न शिरूर कासारच्या अलीकडच्या एका गावात झालं होतं. नवरा पुण्याला कंपनीत होता. मारायचा नाही, प्यायचा नाही, उगाच का खोटं बोलू. चांगला होता. हसायचा, माझी नक्कल करायचा, मी चिडले की शेजारी येऊन बसायचा. मग एक दिवस म्हणाला, थोडे दिवस माहेरी राहून ये, माझं मन ठिकाणावर नाही. मी आले. आमच्याकडे बाई माहेरी आली की सासरचा माणूस तिला न्यायला येतो, आपण होऊन जायचं नसतं. मी पिशवी भरून वाट बघत बसले आणि न्यायला कोणी आलंच नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शेवटी वकिलाची नोटीस आली. मी भांडलेही नाही. बीडच्या कोर्टात दोघांनी राजीखुशीने सह्या केल्या, राजी कोण होतं आणि खुश कोण होतं देव जाणे. बाहेर आल्यावर त्याने मला उसाचा रस पाजला. मी पिले पण. माझा मला अजून राग येतो.

त्याला आता वर्षं लोटली. आणि एका मंगळवारी त्याच्या चुलत्यांचा माझ्या भावाला फोन आला. हे चुलते म्हणजे गावातले पुढारी, सोसायटीपासून सोयरिकीपर्यंत सगळ्यात यांचा हात. म्हणाले, पोराला पस्तावा झालाय, दुसरं लग्न केलं नाही, रविवारी बैठकीला येतो. पोरीच्या मनात असलं तर चार माणसांत ठरवू आणि पुन्हा अक्षता टाकू. शेवटी म्हणाले, पण पोरीनं सगळ्यांदेखत तोंडानं सांगायला पाहिजे, मागून बोल नको.

म्हणजे रविवारी मला हो किंवा नाही म्हणायचं होतं. एकदाच, आणि माणसांत.

मंगळवार ते शनिवार माझं अंग थाऱ्यावर नव्हतं. भाकरी तव्यावर टाकायची आणि तिचा कोळसा झाला तरी कळायचं नाही. ॲपेतून पालीला उतरायचं सोडून दोनदा पुढे गेले. विहिरीवर गेले की वाटायचं कोणी तरी हाक मारतंय, घरात आले की वाटायचं बाहेर जावं. शेळ्यांना दोरी बांधताना माझी मी म्हणायचे, हो म्हण, आणि गाठ मारून होईपर्यंत म्हणायचे, कशाला? आणि मला तो हवा होता. हे लपवून काय करू? इतक्या जणींना मी झाडलं होतं, आता मीच त्यांच्या रांगेत जाऊन बसले होते.

भाऊ-भावजयीने तर ठरवूनच टाकलं होतं. भाऊ चांगला आहे, पण त्याच्या पोरी मोठ्या व्हायला लागल्यात आणि घरात परत आलेली बहीण आहे, हे त्याला लोकांत बोचतं. भावजय मला उगाच जास्त दूध घालून चहा द्यायला लागली. आई नुसती लिंबागणेशच्या गणपतीला नारळ बोलून आली. कशासाठी बोललीस विचारलं तर म्हणाली, तुझं बरं हुवावं म्हणून. बरं म्हणजे कोणतं बरं, ते काही सांगेना.

शनिवारी दुपारी मी पानं काढली.

स्वतःची पानं स्वतः बघू नये. दिव्याखाली अंधार असतो. हवं ते दिसलं नाही की हात आपोआप पुन्हा गठ्ठ्याकडे जातो, पुन्हा पिसायचं, पुन्हा मांडायचं, मनासारखं येईपर्यंत. मग पानंही कंटाळतात आणि काहीच्या काही दाखवतात. म्हणून मी आईला म्हटलं, मी पिसते, तू मांड. मांडताना मी बघणार नाही, एकदा मांडलं की हलवायचं नाही. आई कैक वर्षं मला घरात सराव करताना बघत आलीय. ज्वारी निवडता निवडता तिने सगळ्या जागांची नावं नुसती ऐकून तोंडपाठ केलीत, क्रम चुकला तर मलाच सांगते. ती म्हणाली, मांडते की, त्यात काय, पापड वाळू घालावं तसं.

मी सतरंजीवर बसले आणि गठ्ठा पिसायला घेतला. प्रश्न नीट घालावा लागतो. तो येईल का, हे विचारण्यात अर्थ नव्हता, तो तर उद्या येतच होता. मी मनात धरलं की तो परत आला तर माझं काय? हाताला गठ्ठा गरम लागेपर्यंत पिसलं, डाव्या हाताने तीन भाग केले, पुन्हा एकत्र केले आणि आईच्या हातात दिले. मी पाठ फिरवणार तेवढ्यात भावजय ओरडली की शेळी मेथीत शिरली. मी उठून धावले. शेळीला हाणत, शिव्या देत, दावणीला बांधून परत आले तोवर दहाही पानं सतरंजीवर मांडलेली होती आणि आई शहाण्यासारखी बाजूला बसली होती.

मी खाली बसले.

मधोमध तलवारीची राणी. हातात उभी तलवार, तोंडावर हसू नाही, दुःख बघून कडक झालेली बाई. आई म्हणाली, ही बग तू, चिडल्यावर. तिच्यावर आडवा पेल्यांचा सरदार. पांढऱ्या घोड्यावर बसून हळूहळू येतोय, पेला पुढे धरलाय, कोणाला तरी मागणी घालायला निघालाय. आडवं पान सरळच वाचायचं असतं, ते उलटं आलं की सुलटं हे बघायचं नसतं. मला हसू आलं, याच्याइतकं उघड कोण बोलणार. मुळाशी पाच नाण्यांचं पान, बर्फातून चाललेली दोन फाटकी माणसं आणि वर उजेडाची खिडकी. म्हणजे घराबाहेर काढलेली मी. डावीकडे पाच पेले, तीन सांडलेले आणि पुढे उभा राहून त्यांच्याचकडे बघणारा माणूस. ते तर मी वर्षानुवर्षं करतच आले होते. वर न्यायाचं पान, तागडी आणि तलवार. माझी तोंडावरची मागणी तीच होती, माझा न्याय व्हावा, चार माणसांत त्याने चूक कबूल करावी. उजवीकडे आठ काठ्या हवेतून सुसाट येताना, म्हणजे आता सगळं भराभर घडणार.

मग मी उभ्या रांगेकडे वळले. खालून वर.

सातव्यावर दोन तलवारी. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, छातीवर दोन तलवारींची फुली. बरोबर, माझं काही ठरत नव्हतं. आठव्यावर कंदीलवाला बुवा. डोंगरावर एकटा उभा, हातात कंदील, अंगात घोंगडीसारखा झगा. भोवतीच्या माणसांच्या जागेवर एकटेपण, म्हणजे इथे माझं कोणी नाही, असं मी वाचलं. नवव्यावर सहा पेले. तेच, पोरगा आणि फुलं. आणि सगळ्यात वर, दहाव्यावर, दहा नाणी. वाड्याचं दार, त्यात म्हातारा, नवराबायको, लेकरू, कुत्री. भरलं घर.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या कॉलेजातल्या पोरीला मी झाडलं होतं ते आठवलं, म्हणून मी स्वतःला दटावलं की बाई, नववं म्हणजे फक्त इच्छा. पण माझी इच्छा जुन्या मायेची आणि शेवट भरल्या घराचा, तर मग अडतंय कुठे? भीती बघ, म्हटलं. भीती एवढीच निघाली की आम्ही त्या चित्रातल्या लेकरांसारखेच राहू, मोठे होणार नाही. चालेल, होऊ की मोठे. मी आईला म्हटलं, जाते मी. उद्या हो म्हणते.

आईने पदर डोळ्याला लावला आणि भावाला हाक मारली. घराचं एकदम लग्नघर झालं. भावजयीने पुरणासाठी डाळ भिजायला टाकली, भावाने दोन ठिकाणी फोन केले. मी पेटी उघडून लग्नातली हिरवी साडी काढली. पण माझा पाय काही एका जागी ठरेना. साडी झटकली, घडी घातली, पुन्हा मोडली. एवढं सगळं मनासारखं आलं होतं, मग छातीत ही धडधड कशाला, ते कळत नव्हतं. आनंदाची असेल, असं म्हटलं.

ऊन कलल्यावर पानं गोळा करायला मी सतरंजीवर आले. आई तिथेच शेंगा फोडत होती. तिने रांगेतल्या सगळ्यात वरच्या पानावर, त्या भरल्या घरावर, बोट ठेवलं आणि म्हणाली, ही तू हाईस बग, घरादाराची. लहानपनापासून तशीच.

मी म्हटलं, आई, ते मी नाही, ते शेवटचं.

ती म्हणाली, शेवटचं खाली हाय की. म्या वरून मांडलीत.

माझ्या कानशिलात सणक गेली. मी विचारलं, वरून म्हणजे? तिने शांतपणे एकेका पानावर बोट ठेवत सांगितलं: "ही तू. ही घरातली मान्सं. ही आशा अन् भेव. अन् हा शेवट. मी तोंडानं म्हनत म्हनत ठिवलीत, एक बी चुकली न्हाई. वरून खालीच मांडत्यात समदं. खालून वर निस्ती भिंत बांदत्यात."

मी जे तोंड सोडलं ते सोडलं. इतकी वर्षं बघतेस आणि एवढं कळत नाही का, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तू पापड वाळू घालतेस, वगैरे. तिने ऐकून घेतलं. शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, मग बदल की, तुजी पानं हायेत.

पण बदलता येत नाही. माझ्या बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की पान ठेवताना जी जागा मनात धरली, तीच त्याची जागा. रांग कुठून सुरू केली याला महत्त्व नाही, ठेवणाऱ्याने काय म्हणून ठेवलं याला आहे. आईने म्हणून म्हणून ठेवली होती. म्हणजे तिची मांडणी खरी आणि माझं वाचन उलटं. वरचं खाली गेलं, खालचं वर आलं, आणि मधली दोन एकमेकांच्या जागी गेली.

मी पुन्हा वाचायला बसले. मनातून वाटत होतं, लाथ मारावी आणि सगळी पानं उधळून द्यावी.

सातवं, दहा नाणी. मी स्वतःला बघते ती कोणाच्या तरी घरची म्हणून, कोणाची लेक, कोणाची बहीण, कोणाची सून. हे कडू होतं, पण खरं होतं. आठवं, सहा पेले. म्हणजे जुनी माया परत यावी हे माझ्या भोवतीच्यांना हवं होतं. भावाला, भावजयीला, चुलत्यांना, नारळ बोलून आलेल्या आईला. घरादाराची हौस मी माझी म्हणून वाचली होती आणि तिच्यावर रडलेही होते. दहावं, दोन तलवारी, डोळ्यांवर पट्टी. म्हणजे शेवट काहीच नाही, सगळं अडलेलं. असं पान दहाव्यावर आलं की पानांनी हात वर केलेत असं समजायचं. मग नवव्याकडे परत जायचं आणि तिथे काय अडलंय ते बघायचं. हेही बाईंनीच शिकवलेलं.

नवव्यावर कंदीलवाला बुवा होता.

भीती आधी दिसली. आई गेल्यावर भावाच्या घरातल्या कोपऱ्यातली मी, म्हातारी, पोरींच्या लग्नात मागं बसलेली. आजारी पडले तर पाणी कोण देईल? या भीतीनेच तर मी हो म्हणायला निघाले होते. मग म्हटलं, आता आशा बघ. एकटेपणाची कुणाला आशा असते का? मी पुष्कळ टाळलं, उठून पाणी पिऊन आले. पण ती होती, आणि मला ती माहीत होती. पार्लरच्या वर एक खोली रिकामी झाली होती. पार्लरवालीने मला सहज दाखवली होती. एक खिडकी, एक ओटा, भिंतीला जुना निळा रंग. ती खाली गेल्यावर मी दार लावून त्या रिकाम्या खोलीत उभी राहिले होते आणि मला हसू फुटलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाही सांगितलं नव्हतं म्हणा. तोच बुवा, तोच कंदील. ज्याने मला घाबरवलं होतं, तेच मला हवं होतं.

आणि तरी तोही हवाच होता. इथेच सगळं फसतं. ते पान पाचव्याशेजारी धरलं तर न्याय आणि बुवा, एकाला चार माणसं लागतात, दुसऱ्याला कोणी लागत नाही. मी पानं गोळा केली. काय सांगू उद्या, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी ते आले. चुलते पुढे, पांढरे कपडे कडक इस्त्रीचे, आणि मागे तो, हातात पेढ्यांचा पुडा. वाळला होता, कानाजवळ केस पांढरे झाले होते. मला बघून जुनंच हसू हसला. मला वाटलं संपलं, आता मी हो म्हणणार.

चुलते पुष्कळ बोलले. पोरंसोरं चुकतात, मोठ्यांनी सावरायचं असतं, झालं गेलं गंगेला मिळालं. त्याने मान खाली घालून सगळ्यांदेखत चूक कबूल केली, म्हणाला, माझं चुकलं, तिचं काही नव्हतं. म्हणजे मला हवा होता तो न्याय मिळाला. मिळाल्यावर तो तळहाताएवढाच निघाला. भाऊ मला म्हणाला, बोल बाई आता. मी म्हटलं, मला आधी यांच्याशी दोन शब्द बोलायचेत. चुलत्यांना आवडलं नाही, पण आई म्हणाली, बोलू द्या.

आम्ही गोठ्याच्या कडेला जाऊन उभे राहिलो. तो म्हणाला, तू अजून तशीच हाईस. मला फार विचारायचं होतं. इतके दिवस कुठे होतात, दुसरी कोण होती, तो उसाचा रस का पाजलात? पण विचारला तो माझ्या धंद्यातलाच प्रश्न.

"तुमाला भेव कशाचं वाटतं?"

तो हसायला गेला, मग थांबला. शेळीच्या दाव्याची गाठ ओढून बघितली. मग खरं बोलला. त्याचं हेच मला नेहमी आवडायचं, विचारलं तर खरं बोलायचा.

"एकट्यानं ऱ्हायाचं," तो म्हणाला. "सुट्टी झाली की रूमवर येतो. कुलूप उघडतो, आत अंधार असतो. कुनी तरी लाइट लावून बसलेलं पायजे गं. लई भेव वाटतं."

मला त्याची इतकी दया आली की तिथेच त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा वाटला. आणि त्याच वेळी कळलं की त्याला मी नको होते. त्याला लाइट लावून बसलेलं कोणी तरी हवं होतं. आणि मला, तो ज्या अंधाराला भितो तो माझ्या हाताने कुलूप उघडून बघायचा होता. आम्हा दोघांच्या नवव्या जागेवर एकच पान होतं, पण त्याच्यापाशी त्याची नुसती भीती होती.

"तुमाला ज्याचं भेव हाय, त्याचीच मला हौस हाय," मी म्हटलं. "मी न्हाई येत."

त्याला कळलं की नाही माहीत नाही. तो म्हणाला, हे तुला त्या पत्त्यांनी सांगितलं का? मी म्हटलं, पानांनी हात वर केले, हे माझं मी सांगतेय. आत जाऊन मी तेच बैठकीत सांगितलं, हौसेचं सोडून. नुसतं म्हटलं, मला नांदायचं नाही. चुलते उठले, भावाने कपाळाला हात लावला. भावजय पुरणाच्या पातेल्यापाशी तशीच उभी राहिली. आईने माझ्याकडे बघितलं आणि पेढ्यांचा पुडा उचलून त्याच्या हातात परत दिला. तो घेताना म्हणाला, राहू द्या, मामी. आई म्हणाली, न्हाई, घेऊन जा, वाटंत खा.

ते निघाले. गाडी रस्त्याला लावली होती, आमच्या दारापासून तिथवर बाभळींमधून पायवाट आहे. चुलते ताडताड पुढे गेले, तो मागे हळू चालत होता. मी उंबऱ्यात उभी होते. आई मागून म्हणाली, आत ये. मला हलता येईना. त्याने एकदा तरी मागं वळून बघावं, असं मला जिवाच्या आकांताने वाटत होतं. आणि तो वळला तर मी धावत जाईन, या भीतीने मी दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.

तो वळला नाही.